फिनलंडकडे युरो, स्वीडनकडे क्रोना: सामाईक चलनात काय मिळतं आणि काय जातं

प्रश्न: माझी मुलगी हेलसिंकीला शिकते. तिथे युरो चालतो, बोटीने रात्रभराच्या अंतरावर असलेल्या स्टॉकहोमला मात्र क्रोना. देश दोन्ही सारखेच वाटतात. मग एकाने युरो घेतला, दुसऱ्याने नाही, यात भलं कोणाचं झालं? आपला रुपया नाही का सगळ्या राज्यांत चालतो? मग युरोबद्दल एवढा वाद कशाला?

उत्तर:

मुंबईतल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी बावीस वर्षं काढली. निर्यातदारांना फॉरवर्ड कव्हर देणं, म्हणजे पुढच्या व्यवहाराचा दर आजच बांधून देणं, आणि चलनाची जोखीम समजावून सांगणं हे माझं रोजचं काम होतं. त्या अनुभवावरून सांगतो, कोण जास्त श्रीमंत झालं हे पाहून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. चलनाची परीक्षा वाईट काळात होते. देशावर संकट येतं तेव्हा काहीतरी स्वस्त व्हावं लागतं. ते चलन असणार की माणसांचे पगार, हा खरा प्रश्न आहे.

आधी मिळकतीची बाजू सांगतो, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. 31 डिसेंबर 1998 ला अकरा देशांच्या चलनांचे युरोशी दर कायमचे बांधले गेले आणि सोमवारी, 4 जानेवारी 1999 ला, व्यवहार सुरू झाले. आमच्या रेटशीटवर तोपर्यंत जर्मन मार्क, फ्रेंच फ्रँक, लिरा, गिल्डर अशा वेगवेगळ्या ओळी असायच्या. प्रत्येक चलनासाठी त्या त्या देशातल्या बँकेत आमचं नॉस्ट्रो खातं आणि प्रत्येक खात्यात थोडी थोडी रक्कम अडकून पडलेली. खरेदी आणि विक्रीच्या दरांतला फरक लहान चलनांत जास्त असायचा. तो भुर्दंड शेवटी आमच्या गिऱ्हाइकाच्या, म्हणजे चामड्याचा किंवा कपड्याचा माल पाठवणाऱ्याच्या खिशातून जायचा. बघता बघता या सगळ्या ओळींची एक ओळ झाली. युरोपियन कमिशनने 1990 मध्ये अंदाज बांधला होता की नुसत्या चलनबदलाच्या खर्चात युरोपच्या उत्पन्नाच्या पाव ते 0.4 टक्के बचत होईल, आणि लहान देशांना त्याहून जास्त. आकडा लहान दिसतो, पण ही बचत दरवर्षीची आहे.

लहान देशाला दुसरी मिळकत याहून मोठी वाटते. त्याच्या चलनावर कोणी सट्टेबाज हल्ला करू शकत नाही. सप्टेंबर 1992 मध्ये क्रोना वाचवण्यासाठी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने बँकांना द्यायच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा दर 500 टक्क्यांवर नेला होता. पाचशे! तरी नोव्हेंबरमध्ये क्रोनाचा दर मोकळा सोडावा लागलाच. असे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना मोठ्या चलनाच्या आडोशाला जावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

आता जातं काय, तिकडे वळू. 1961 मध्ये रॉबर्ट मंडेल या कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने एक साधा प्रश्न विचारला: एक चलन किती मोठ्या प्रदेशात चालावं? त्यालाच पुढे 'ऑप्टिमम करन्सी एरिया', म्हणजे एका चलनासाठी योग्य क्षेत्र, असं नाव पडलं. त्याचं उदाहरण अमेरिका आणि कॅनडाचं होतं. समजा, पूर्व भागात मोटारी बनतात आणि पश्चिम भागात लाकडाचा माल, आणि दोन्ही भाग दोन्ही देशांत पसरलेले आहेत. मोटारींची मागणी घटून लाकडाची वाढली तर पूर्वेत बेकारी येईल आणि पश्चिमेत महागाई. कॅनडाचा डॉलर वेगळा असूनही इथे उपयोगी पडत नाही, कारण त्याची सीमा उत्तर-दक्षिण पडते आणि दुखणं पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे चलनाची योग्य सीमा देशाच्या सीमेशी जुळेलच असं नाही. वेगळं चलन नसेल तर पूर्वेचे कामगार पश्चिमेला जाऊ शकले पाहिजेत. ते शक्य असेल तर एक चलन चालून जातं.

फिनलंड म्हणजे मंडेलच्या उदाहरणातला लाकूडवाला प्रदेशच. कागद, लगदा, लाकूड, आणि नंतर मोबाइल फोन. या देशावर वीसेक वर्षांच्या अंतराने दोन मोठी संकटं आली. पहिलं आलं तेव्हा त्याचं स्वतःचं चलन होतं, मार्का. दुसऱ्याच्या वेळी युरो होता. अर्थशास्त्रात प्रयोगशाळा नसते, पण इतकी जवळची तुलना क्वचितच मिळते, म्हणून हेच उदाहरण थोडं सविस्तर घेतो.

पहिलं संकट 1990 नंतरचं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या निर्यातीचा जवळपास चौथा हिस्सा सोव्हिएत संघाकडे जायचा. तो व्यापार आधीपासूनच आटत होता, 1991 मध्ये तो कोसळला. घरातही कर्जावर फुगवलेल्या जमीन-घरांच्या किमती उतरू लागल्या होत्या. तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. बेरोजगारी 1990 मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास होती, ती 1994 पर्यंत सतरा टक्क्यांच्या घरात गेली. सरकारने मार्काचा दर धरून ठेवायचा खूप प्रयत्न केला. नोव्हेंबर 1991 मध्ये सुमारे बारा टक्के अवमूल्यन करावं लागलं आणि सप्टेंबर 1992 मध्ये मार्का मोकळा सोडावा लागला. 1993 च्या सुरुवातीपर्यंत त्याची सुमारे तीस टक्के किंमत गेली होती.

याचा एका कागद गिरणीवर काय परिणाम झाला ते गोल आकड्यांत पाहा. हे आकडे हिशेबापुरते माझे आहेत. एक टन कागद बनवायला 3,600 मार्का लागतात. एका जर्मन मार्कला 2.4 मार्का असा दर असताना जर्मन गिऱ्हाइकाला तो टन 1,500 जर्मन मार्कांना पडतो. दर 3.4 झाला की तोच टन 1,059 जर्मन मार्कांना पडतो. गिरणीत कोणाचाही पगार कापला नाही, कोणत्याही युनियनशी बोलणी केली नाहीत, तरी जर्मनीतल्या दुकानात फिनलंडचा माल जवळपास तीस टक्क्यांनी स्वस्त झाला. 1993 पासून निर्यात झपाट्याने उसळली, आणि त्याच लाटेवर नोकिया नावाची कंपनी वर आली.

आता याच चित्राची दुसरी बाजू. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण 'आपलं चलन असलं की आपल्या हातात सगळं' असं म्हणणारे ती विसरतात. त्याआधीच्या तेजीत फिनलंडमधल्या अनेक कंपन्यांनी कमी व्याजाच्या मोहाने परदेशी चलनात कर्जं काढली होती. एखाद्या हॉटेलवाल्याने दहा लाख जर्मन मार्कांचं कर्ज घेतलं असेल तर त्याच्या वहीत ते 24 लाख मार्का होतं. दर घसरल्यावर ते झालं 34 लाख. त्याची कमाई मात्र सगळी फिनलंडच्या मार्कात, गावातल्या गिऱ्हाइकांकडून. ज्या घसरणीने गिरणी तरली, तिनेच असे अनेक व्यवसाय बुडवले, आणि त्यांच्यामागोमाग बँका अडचणीत आल्या. माझ्या टेबलावर असे लोक मी पाहिले आहेत. कमाई रुपयात, कर्ज डॉलरमध्ये, कव्हर घेतलेलं नाही, कारण 'व्याज किती कमी आहे बघा ना'. तेव्हा स्वतःचं चलन ढाल आहे हे खरं, पण कर्ज दुसऱ्याच्या चलनात असेल तर तीच ढाल आपल्यावर उलटते.

या अनुभवानंतर दोन्ही शेजाऱ्यांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. दोघेही 1 जानेवारी 1995 ला, एकाच दिवशी, युरोपियन युनियनमध्ये आले. स्वीडनने लार्स काल्मफोर्स या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. देशात बेकारी एवढी जास्त असताना चलन सोडून देणं धोक्याचं आहे, तूर्त थांबा, असं त्याने 1996 मध्ये सांगितलं. पुढे सप्टेंबर 2003 च्या सार्वमतात सुमारे 56 टक्के लोकांनी नकार दिला. फिनलंडने संसदेत ठराव करून पहिल्याच तुकडीत प्रवेश घेतला. रशियाशी लांबच लांब सीमा असलेल्या देशाला युरोपच्या अगदी आतल्या खोलीत जागा हवी होती. हा राजकीय विचार होता आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. पण फिनलंडच्या लोकांना आर्थिक धोका कळत नव्हता असंही नाही. युरोत जाण्याआधीच त्यांनी पेन्शन आणि बेरोजगारी विम्याच्या निधीत खास राखीव रकमा बाजूला ठेवायला सुरुवात केली होती. मंदी आली तर मालकांवर वाढीव वर्गणीचा बोजा एकदम पडू नये, ही त्यामागची कल्पना. अवमूल्यनाची सोय जाणार हे ओळखून बांधलेली ती छोटी उशी होती.

दुसरं संकट 2008 नंतर आलं. 2009 मध्ये जगभर व्यापार आटला आणि फिनलंडचं उत्पन्न एका वर्षात सुमारे आठ टक्क्यांनी घसरलं. त्यापाठोपाठ नोकियाचा फोनचा धंदा ढासळला; 2013 मध्ये तो मायक्रोसॉफ्टला विकायचा करार झाला. छापील कागदाची मागणी लोक पडद्यावर वाचू लागल्याने घटली. 2014 नंतर रशियाचा बाजारही आक्रसला. शिवाय, मंदीच्या आधीच्या करारांत पगार जर्मनीपेक्षा बऱ्याच वेगाने वाढलेले होते. 2009 ची मंदी सगळ्यांची होती, पण बाकीची ही फिनलंडची खास दुखणी. जर्मनीला ती एवढी नव्हती.

1992 मध्ये अशा वेळी मार्का पडला होता. आता युरो पडायला हवा होता, पण युरो पडणार तो सगळ्या युरो क्षेत्राची स्थिती पाहून, आणि त्यात फिनलंडचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. व्याजदराचंही तेच. 2011 मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये दर वाढवले, कारण सरासरी महागाई तसं सांगत होती. सरासरीवर ठरवलेलं औषध कोणत्याही एका रोग्याचं नसतं. स्वीडनचा क्रोना मात्र 2008 च्या मध्याला एका युरोला साडेनऊच्या आत होता, तो मार्च 2009 मध्ये अकराच्या पलीकडे घसरला, आणि 2010 मध्ये स्वीडनची वाढ जोरात सुरू झाली. फिनलंडला 2008 च्या पातळीवर परत यायला जवळपास दहा वर्षं लागली.

मग फिनलंडने काय केलं? चलन स्वस्त करता येत नव्हतं म्हणून काम स्वस्त केलं. 2016 मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी 'स्पर्धाक्षमता करार' केला. त्यातली कलमं वाचली की मंडेलचा सिद्धांत अंगावर येतो. वर्षाला 24 तास जास्त काम, पगार तेवढाच. सामाजिक विम्याच्या वर्गणीचा काही भाग मालकाकडून कामगाराकडे. सरकारी नोकरांचा सुट्टीचा बोनस तीन वर्षांसाठी तीस टक्क्यांनी कमी. हे 24 तास कोणी रोज सहा मिनिटं जास्त थांबून पूर्ण करत होतं, कोणी वर्षात तीन दिवस जास्त येऊन. एवढ्यासाठी देशव्यापी संप झाले आणि वाटाघाटी वर्षभर रखडल्या. आणि मिळालं किती? मजुरीचा खर्च चारेक टक्क्यांनी कमी होईल एवढंच. मार्काने जे एका हिवाळ्यात केलं असतं, त्याचा हा छोटा तुकडा. 2020 च्या वाटाघाटींत हे जादा तास बऱ्याच क्षेत्रांनी काढूनही टाकले.

यावरून 'युरो वाईट' असा निष्कर्ष मी काढत नाही. दोन कारणं सांगतो. एक म्हणजे या वेळी बेरोजगारी दहा टक्क्यांच्या आत राहिली, सतरावर गेली नाही. व्याजदर आकाशाला भिडले नाहीत, कोणाचं परदेशी कर्ज रातोरात फुगलं नाही. जखम खोल नव्हती, पण भरायला फार वेळ लागला. दुसरं, स्वीडनचं श्रेय सगळं क्रोनाला देता येत नाही. त्यांच्याकडे ट्रक होते, औषधं होती, दूरसंचाराची यंत्रणा होती, एका कंपनीवर एवढा भार नव्हता. डेन्मार्कने तर आपला क्रोन युरोलाच बांधून ठेवला आहे, म्हणजे घसरणीचा आधार त्यालाही नव्हता, तरी त्याची फिनलंडसारखी गत झाली नाही. एकाच मालावर अवलंबून असलेल्या देशाला चलन सोडणं जास्त महाग पडतं. हा मुद्दा पीटर केनेन या अर्थतज्ज्ञाने 1969 मध्येच मांडला होता.

आता तुमचा रुपयाचा मुद्दा. तो अगदी नेमका आहे. मराठवाड्यात दुष्काळ पडला तर तिथला माणूस पुणे गाठतो, बिहारमधला सुरतेला किंवा भिवंडीला जातो. भाषा वेगळी असली तरी कामचलाऊ हिंदी पुरते, परवाना लागत नाही. शिवाय पैसाही हलतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्यात बिहारच्या वाट्याला दहा टक्क्यांहून थोडा जास्त भाग आला आणि महाराष्ट्राच्या वाट्याला साडेसहा टक्क्यांहून कमी. यावर आपल्याकडे कुरकुर होते, पण रुपया सगळीकडे चालण्यामागे हीच वाटणी आहे. युरोपियन युनियनचं सगळं बजेट मिळून युरोपच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास भरतं. त्यातून बुडत्या देशाला किती देणार?

माणसं हलण्याचं म्हणाल तर फिनलंडमध्ये एक विलक्षण गोष्ट आहे. 1954 पासून उत्तरेकडच्या देशांत कामासाठी मोकळेपणाने जाता येतं, आणि 1969-70 मध्ये फिनलंडमधून लोकांचे लोंढे स्वीडनच्या कारखान्यांत गेले होते. म्हणजे मंडेलच्या कसोटीने फिनलंडचा नैसर्गिक चलन-सोबती स्वीडन ठरतो. तो युरोत नाही. ज्यांच्याशी चलन वाटून घेतलं त्या इटली-स्पेनकडे फिनलंडचा बेकार सुतार कामाला जात नाही. भाषा, घर, पेन्शन, सगळंच आडवं येतं.

फिनलंडला भोगावा न लागलेला एक तोटा राहिला, तो स्पेनच्या नावावर आहे. 2007 मध्ये स्पेन सरकारचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 36 टक्क्यांच्या आसपास होतं, जर्मनीपेक्षा कितीतरी कमी, आणि बजेट शिलकीत होतं. तरी जुलै 2012 मध्ये त्याच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा व्याजदर साडेसात टक्क्यांवर पोचला. ब्रिटनचं कर्ज जास्त असूनही त्याला असा फटका बसला नाही. फरक असा की ब्रिटनचं कर्ज पौंडात आहे आणि पौंड छापणारी बँक त्याची स्वतःची आहे. स्पेनचं कर्ज युरोत, आणि युरो छापणारी बँक फ्रँकफर्टमध्ये, तिला एकट्या स्पेनचं ऐकायचं नाही. बुडीत बँकांना सावरण्याचा खर्च सरकारवर येणार हे दिसताच रोखे विकणारे धावत सुटले. 26 जुलै 2012 ला लंडनमध्ये युरोपियन सेंट्रल बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवायला लागेल ते करू असं सांगितलं आणि दर उतरू लागले. त्यासाठी आखलेल्या रोखे-खरेदीच्या योजनेतून पुढे एकही रोखा घ्यावा लागला नाही. म्हणजे पाठीशी मध्यवर्ती बँक आहे की नाही, या एका शंकेची किंमत एवढी होती.

युरोतल्या देशाची नाडी कशी ओळखायची, असं कोणी विचारलं तर मी विनिमय दराकडे बघायला सांगत नाही, कारण युरोतल्या इतर देशांशी तो आता हलतच नाही. एका नगामागे लागणारा मजुरीचा खर्च पाहा, आणि तो जर्मनीच्या तुलनेत पाहा. दोन-तीन वर्षं तो सलग वर चालला असेल तर देश महाग होत चालला आहे, फक्त फलकावर दिसत नाही. फिनलंडमध्ये 2008 नंतर नेमकं हेच झालं होतं. त्याच्या जोडीला परदेशी व्यवहारातली तूट वाढत असेल तर काळजीचं कारण आहे.

तुमची लेक तिथेच आहे, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला उत्तरेला टोर्नियोला जाऊ द्या. ते फिनलंडमध्ये, आणि त्याला अगदी लागून हापारांडा, ते स्वीडनमध्ये. दोन देश, दोन चलनं, घड्याळात एक तासाचा फरक, पण गाव जवळपास एकच. हापारांडाच्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात वस्तूंवर युरो आणि क्रोना अशा दोन्ही किमती असतात. क्रोना पडला की फिनलंडची माणसं पलीकडे खरेदीला जातात. 2023 मध्ये एका युरोला जवळपास बारा क्रोना मिळत होते. तेव्हा स्वीडनच्या लोकांना परदेशी माल आणि परदेशवारी महाग पडत होती, आणि त्यांच्याकडे युरो घ्यावा का ही चर्चा पुन्हा सुरू झाली होती. तिला तिथल्या एखाद्या दुकानदाराशी दहा मिनिटं बोलायला सांगा. क्रोना पडल्यावर कोणाचं बरं होतं आणि कोणाचं नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.